पाचाचा फरक साठाला भारी कसा पडतो?

"मी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आमच्या वॉर्डमध्ये फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसांच्या भिंती जाड आणि ताठर होण्याचा आजार असलेले एक रुग्ण आहेत, वय साठीच्या आसपास. बाहेरून ऑक्सिजन न देता धमनीतल्या रक्तातले वायू मोजले, म्हणजे एबीजी केली, त्यात त्यांचा ऑक्सिजन 58 आणि कार्बन डायऑक्साइड 34 आला. असं का, असं विचारल्यावर सीनिअर म्हणाले, 'कार्बन डायऑक्साइड पडद्यातून वीसपट वेगानं जातो, म्हणून तो अडकत नाही.' पण पुस्तकात ऑक्सिजनसाठी दाबाचा फरक 60 दिला आहे आणि कार्बन डायऑक्साइडसाठी जेमतेम 5. त्याचा रेणूही जड. मग तो वेगानं जातोच कसा? मैत्रिणी म्हणतात, 'वीसपट' एवढं पाठ कर आणि पुढे चल. तोंडी परीक्षा जवळ आली आहे. पाठ करू, की खोलात जाऊ?"
— एक विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

पाठ करायचे की खोलात जायचे, याचा निर्णय थोडा पुढे ठेवू. त्याआधी एक गृहीतक तपासून पाहा. 60 आणि 5 हे आकडे शेजारी शेजारी ठेवून त्यांची तुलना करता येते, असे तुम्ही धरून चालला आहात. दोन्ही आकडे मिलिमीटर पाऱ्यात दिलेले असल्याने तसे वाटणे साहजिक आहे, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके इथेच अडतात. मात्र मिलिमीटर पारा हे दाबाचे माप आहे, आणि पडद्यापलीकडे जातात ते रेणू. तेव्हा विचारायला हवे ते असे की, दाबात एवढा फरक असताना पडद्याच्या दोन बाजूंना विरघळलेल्या रेणूंच्या संख्येत किती फरक पडतो.

हा पडदा डोळ्यांसमोर आणा. वायुकोशातल्या हवेकडून रक्ताकडे निघाले की आधी पाण्याचा एक अतिशय पातळ थर लागतो, मग वायुकोशाच्या भिंतीची चपटी पेशी, तिच्याखालचे आधारपटल, केशवाहिनीच्या भिंतीची पेशी, आणि त्यानंतर रक्तरस व तांबड्या पेशीचे आवरण. वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यामधल्या भिंतीची जाडी सरासरी 0.6 मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि काही ठिकाणी ती त्याच्या निम्मी भरते. पेशींची आवरणे स्निग्ध असली तरी हे दोन्ही वायू त्यांतून सहज पार होतात, त्यामुळे वायूंच्या दृष्टीने ही सगळी वाट जवळजवळ पाण्याचीच आहे. पाण्यातून जायचे तर वायूला आधी त्यात विरघळावे लागते. जो वायू कमी विरघळतो, त्याचे त्याच दाबाला फार थोडे रेणू या वाटेवर उतरतात, आणि जे उतरलेच नाहीत ते पलीकडे पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही.

किती वायू विरघळेल हे दाब आणि त्या वायूची विद्राव्यता यांच्या गुणाकारावर ठरते. विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलेला हा नियम तुम्ही रसायनशास्त्रात शिकला आहात, तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. शरीराच्या तापमानाला 100 मिलिलिटर रक्तरसात दर मिलिमीटर दाबामागे ऑक्सिजन सुमारे 0.003 मिलिलिटर विरघळतो, तर कार्बन डायऑक्साइड सुमारे 0.067 मिलिलिटर. आता तुमचे आकडे या मापात घालून पाहा. ऑक्सिजनच्या 60 मिलिमीटर फरकाचे 0.18 मिलिलिटर होतात. कार्बन डायऑक्साइडच्या 5 मिलिमीटर फरकाचे 0.33 मिलिलिटरहून थोडे अधिक होतात. म्हणजे जो उतार तुम्हाला बारापट लहान वाटत होता, तो विरघळलेल्या वायूच्या मापात जवळजवळ दुप्पट मोठा आहे. ज्या कोड्याने तुम्हाला छळले, ते दाबाचे माप बाजूला ठेवताच नाहीसे होते.

रेणू जड असण्याबद्दलची तुमची हरकत योग्य आहे आणि ती गणितात धरायलाच हवी. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44 आणि ऑक्सिजनचा 32. विसरणाचा वेग रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो असे धरले, तर 44 भागिले 32 याचे वर्गमूळ सुमारे 1.17 येते. म्हणजे जडपणामुळे कार्बन डायऑक्साइडचा रेणू फक्त पंधराएक टक्क्यांनी मागे पडतो. द्रवात हा नियम अगदी काटेकोर पाळला जात नाही आणि तिथे फरक याहूनही थोडा कमी असतो, पण परीक्षेसाठी आणि समजण्यासाठी हा अंदाज पुरेसा आहे. वीसपट हा आकडाही इथूनच निघतो: पाण्यात कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता ऑक्सिजनच्या सुमारे 24 पट, तिला 1.17 ने भागले की 20 च्या थोडे वर. अॅडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये दिलेल्या विसरणाच्या नियमात पडद्याचे क्षेत्रफळ, त्याची जाडी आणि दाबातला फरक यांच्या जोडीला वायूचा स्वतःचा जो गुणांक लागतो, तो हाच. क्षेत्रफळ आणि जाडी दोन्ही वायूंसाठी एकच असल्याने ती इथे फरक पाडत नाहीत.

एवढा फरक विद्राव्यतेत का असावा? ऑक्सिजनच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू आहेत आणि विद्युतभार दोघांत समान वाटलेला आहे, त्यामुळे पाण्याच्या ध्रुवीय रेणूंना त्याला धरून ठेवायला फारसे काही मिळत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत दोन्ही टोकांचे ऑक्सिजन किंचित ऋण आणि मधला कार्बन किंचित धन असतो, आणि पाण्याचे रेणू या टोकांभोवती जमतात. सोड्याच्या बाटलीत एवढा वायू राहतो तो याच गुणामुळे. त्याच बाटलीत तितक्याच दाबाने ऑक्सिजन भरला तर पाण्यात उतरणारा वायू वीसपटीहून अधिक कमी असेल आणि झाकण उघडल्यावर फेस दिसणार नाही.

इथे एका चुकीच्या उत्तरापासून तुम्हाला सावध करायला हवे, कारण ते परीक्षेत सर्रास ऐकू येते. "कार्बन डायऑक्साइड रक्तात मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो, म्हणून तो लवकर पार होतो," असे ते उत्तर. यातला पहिला भाग खरा आहे, पण दुसरा त्यातून निघत नाही. बायकार्बोनेट हा विद्युतभारित आयन आहे आणि तो वायुकोशाच्या पडद्यातून हवेत जात नाही. त्याला आधी तांबड्या पेशीत शिरावे लागते, बदल्यात एक क्लोराइड आयन बाहेर पडतो, आत कार्बोनिक अॅनहायड्रेज या विकराच्या मदतीने त्याचे पुन्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि मगच विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पडदा ओलांडतो. बायकार्बोनेट हा साठा आहे. पडद्यावर काम करते ती विरघळलेल्या, साध्या कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता. साठा मोठा असल्याने पडद्यावरची घाई वाढत नाही, उलट रिकामे करायचे काम वाढते, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता दुसरे गृहीतक, आणि माझ्या मते हे पहिल्यापेक्षा अधिक फसवे आहे. तुम्ही, तुमचे सीनिअर आणि पुस्तक असे तिघेही 'वेगाने' म्हणता, पण प्रत्येक वेळी वेग कशाचा ते ठरवल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. एकेका रेणूचा वेग पाहिला तर ऑक्सिजन थोडा पुढे आहे. दर मिलिमीटर दाबामागे किती वायू पार होतो हे पाहिले तर कार्बन डायऑक्साइड वीसपट पुढे आहे, आणि 'वीसपट'चा अर्थ फक्त एवढाच आहे. दर मिनिटाला एकूण किती वायू जातो हे पाहिले तर विश्रांतीत सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन आत येतो आणि सुमारे 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे इथे ऑक्सिजनच थोडा अधिक. हे प्रमाण पडदा ठरवत नाही. पेशी किती ऑक्सिजन वापरतात आणि किती कार्बन डायऑक्साइड तयार करतात, यावर ते ठरते. पडद्याची सोय वीसपट असली म्हणून शरीर वीसपट कार्बन डायऑक्साइड तयार करू लागत नाही.

मग 5 हा फरक आला कुठून? तो पडद्यामुळे आलेला नाही. पेशींमधून परत येताना 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 4 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइडची भर पडते, आणि रक्ताची या वायूसाठीची धारणक्षमता इतकी मोठी आहे की एवढी भर पडूनही दाब 40 वरून जेमतेम 45 पर्यंत चढतो. ऑक्सिजनच्या बाबतीत तेवढ्याच रक्तातून सुमारे 5 मिलिलिटर काढून घेतले जातात आणि दाब 100 वरून 40 पर्यंत घसरतो. दोन्ही आकडे रक्ताच्या साठवण्याच्या गुणाची खूण आहेत. पडद्याजवळ येईपर्यंत ते ठरून गेलेले असतात.

शिवाय 60 आणि 5 हे फरक केशवाहिनीच्या दाराशी, रक्त आत शिरत असतानाचे आहेत. विश्रांतीत रक्त या केशवाहिनीत सुमारे 0.75 सेकंद असते, आणि निरोगी फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पहिल्या एक तृतीयांश वाटेतच वायुकोशातल्या दाबाच्या जवळ पोहोचतो. उरलेल्या वाटेत फरक जवळजवळ शून्य असल्याने, संपूर्ण वाटेचा सरासरी फरक ऑक्सिजनसाठी 11 मिलिमीटरच्या आसपास येतो आणि कार्बन डायऑक्साइडसाठी 1 पेक्षाही कमी. विश्रांतीत पडद्याची ऑक्सिजनसाठीची विसरणक्षमता दर मिनिटाला, दर मिलिमीटरमागे सुमारे 21 मिलिलिटर आहे. तिला 11 ने गुणले की साधारण 230 मिलिलिटर मिळतात, म्हणजे शरीराच्या गरजेच्या जवळ. कार्बन डायऑक्साइडसाठी ती 400 च्या वर आहे. तिला अर्ध्या मिलिमीटरने गुणले तरी 200 मिलिलिटर बाहेर पडतात. हा हिशेब वहीत एकदा स्वतः मांडून पाहा. पाठ केलेल्या आकड्यापेक्षा तो जास्त काळ लक्षात राहील, आणि 'इतक्या लहान फरकावर कसे भागते' ही शंकाही त्यात मिटेल.

एक गोष्ट अनेक पुस्तके घाईने ओलांडतात, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. वीसपट सोय असल्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा समतोल वीसपट आधी साधला जात असेल, असे वाटते. तसे होत नाही. समतोल साधायला किती वेळ लागेल हे पडद्याची सोय आणि रक्तातला साठा या दोहोंवर ठरते. दाब 1 मिलिमीटरने बदलायचा तर 100 मिलिलिटर रक्तातून सुमारे 0.8 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड काढावा लागतो. ऑक्सिजनसाठी, त्याच्या एकूण बदलाची सरासरी धरली, तर जेमतेम 0.08 मिलिलिटर भरावा लागतो. वाट वीसपट मोकळी, पण प्रत्येक मिलिमीटरमागे वाहायचे ओझे दहापट. त्यातच बायकार्बोनेटचे रूपांतर आणि क्लोराइडची अदलाबदल यांना लागणारा वेळ मिळवा. त्यामुळे निरोगी फुप्फुसात दोन्ही वायूंचे काम साधारण सारख्याच काळात, एक चतुर्थांश सेकंदाच्या आसपास संपते. परीक्षकाने "मग कार्बन डायऑक्साइडला कमी वेळ लागतो का?" असे विचारले, तर 'वीसपट' एवढेच पाठ केलेला विद्यार्थी हमखास अडकतो.

आता तुमच्या रुग्णाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग तिथे आहे. सीनिअरांनी दिलेले कारण खोटे नाही, पण ते अहवालातल्या आकड्याला पुरत नाही. पडदा जाड झाला तरी कार्बन डायऑक्साइड सहज पार होतो, एवढ्यावरून त्याचा रक्तातला दाब नेहमीसारखा, म्हणजे 40 च्या आसपास राहील, असे म्हणता येते. तो 34 का झाला, हे त्यातून कळत नाही. पडदा कितीही मोकळा असला तरी रक्तातला दाब वायुकोशातल्या दाबाच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणजे वायुकोशातच कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असला पाहिजे, आणि वायुकोशातला दाब ठरतो तो श्वसनावर: तयार होणारा कार्बन डायऑक्साइड तेवढाच असेल, तर वायुकोशांपर्यंत पोहोचणारी हवा जितक्या पटीने वाढेल तितक्याच पटीने तो दाब उतरतो. 40 चा 34 झाला, याचा अर्थ या गृहस्थांच्या वायुकोशांचे वायुवीजन सुमारे अठरा टक्क्यांनी वाढले आहे. ते जास्त श्वास घेत आहेत. ऑक्सिजन कमी पडल्याची जाणीव आणि ताठर फुप्फुसांतून मेंदूकडे जाणारे संदेश, या दोन्हींमुळे हे घडते. पुढच्या वेळी त्यांच्यापाशी बसाल तेव्हा त्यांचा श्वसनदर पूर्ण एक मिनिट मोजा. बहुधा तो जलद आणि उथळ आढळेल.

पण मग जास्त श्वास घेऊन ऑक्सिजनही का वाढला नाही? इथे हिमोग्लोबिन मध्ये येते. फायब्रोसिस फुप्फुसात सगळीकडे सारखा पसरत नाही. काही भागांत हवा नीट पोहोचते, काही भागांत रक्त जाते पण हवा पुरेशी पोहोचत नाही. या दुसऱ्या भागांतून येणारे रक्त कमी ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. रुग्ण जोरात श्वास घेतो तेव्हा चांगल्या भागांत अधिक हवा जाते. तिथले रक्त नेहमीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडू शकते, कारण त्याच्या दाबाचा आणि साठ्याचा संबंध या टप्प्यात जवळजवळ सरळ रेषेत आहे. त्यामुळे वाईट भागांची तूट चांगले भाग भरून काढतात. ऑक्सिजनच्या बाबतीत चांगल्या भागांतले हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेले असते. तिथे हवा कितीही वाढवली तरी त्यात आणखी जागा नाही, आणि वाईट भागांची तूट तशीच राहते. विश्रांतीत फायब्रोसिसच्या रुग्णाचा ऑक्सिजन कमी असण्याचा मोठा वाटा हवा आणि रक्त यांच्या या विसंगतीकडे जातो. पडद्याच्या जाडीचा वाटा त्या वेळी तुलनेने लहान असतो. तुमच्या सीनिअरांना ही बाजू दाखवायची असेल तर विरोधाचा सूर नको. "वीसपट बरोबर आहे, पण 34 कसा आला?" एवढे विचारले की चर्चा आपोआप योग्य जागी येईल.

चालताना मात्र पडदा स्वतः बोलू लागतो, आणि फिजिओथेरपीत तुमचा संबंध याच घडीशी येणार आहे. व्यायामात हृदयाचा पुरवठा वाढतो आणि रक्ताचा केशवाहिनीतला वेळ 0.75 वरून 0.25 सेकंदाच्या आसपास येऊ शकतो. निरोगी माणसाचे काम तेवढ्या वेळात उरकते. जाड पडद्यातून ऑक्सिजनचा भरणा आधीच संथ झालेला असतो, त्यामुळे रक्त अपुरे भरूनच पुढे निघते आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा झपाट्याने खाली येतो. बसलेल्या अवस्थेत ठीक दिसणारा आकडा चालण्याच्या चाचणीत का कोसळतो, याचे एक मुख्य कारण हे आहे. म्हणून अशा रुग्णाचा व्यायाम ठरवताना बसलेल्या अवस्थेतल्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्यक्ष चालताना आकडा पाहत राहा आणि तुमच्या विभागाने ठरवलेली थांबण्याची मर्यादा पाळा.

अहवाल वाचताना एक छोटा हिशेब करण्याची सवय लावून घ्या, कारण ऑक्सिजन कमी दिसला की सगळे बोट पडद्याकडे दाखवतात. समुद्रसपाटीला, बाहेरून ऑक्सिजन दिलेला नसताना, फुप्फुसात जाणाऱ्या ओलसर हवेतला ऑक्सिजनचा दाब सुमारे 150 असतो. त्यातून रक्तातला कार्बन डायऑक्साइड भागिले 0.8 एवढे वजा केले की वायुकोशातला ऑक्सिजन मिळतो. तुमच्या रुग्णाचे 34 भागिले 0.8 म्हणजे 42.5, 150 मधून ते गेले की 107 उरतात. रक्तात मात्र 58 आहेत. वायुकोश आणि रक्त यांच्यातली ही 49 ची दरी त्या वयाला अपेक्षित असलेल्या सुमारे 20 पेक्षा खूप मोठी आहे, म्हणजे दोष फुप्फुसातच आहे. आता दुसरा रुग्ण कल्पा, ज्याचे श्वसनाचे स्नायू दुबळे झाले आहेत: ऑक्सिजन 60, कार्बन डायऑक्साइड 64. त्याचे 64 भागिले 0.8 म्हणजे 80, वायुकोशात 70, आणि दरी फक्त 10. ऑक्सिजनचा आकडा दोघांचा जवळजवळ सारखाच, पण या दुसऱ्याच्या फुप्फुसांचा पडदा चांगला आहे. हवा आत-बाहेर पुरेशी होत नाही, एवढाच त्याचा दोष.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसला तर पडद्याचा संशय सर्वांत शेवटी घ्या. पडद्यामुळे तो अडण्याआधी ऑक्सिजन जगण्याच्या मर्यादेखाली गेलेला असेल. वाढलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे उपयोगी वायुवीजन कमी पडत आहे: स्नायू थकले, श्वसनाची प्रेरणा मंदावली, किंवा घेतलेली बरीचशी हवा रक्तापर्यंत न पोहोचता वाया जात आहे. आणि हे ऑक्सिमीटर दाखवत नाही. बाहेरून ऑक्सिजन सुरू असलेल्या रुग्णाचा आकडा 95 टक्के दिसत असतानाही आत कार्बन डायऑक्साइड चढत असू शकतो. झोपाळलेपणा, सकाळची डोकेदुखी, हातांची फडफड अशी चिन्हे दिसली तर ऑक्सिमीटरवर समाधान न मानता डॉक्टरांना एबीजीबद्दल विचारा.

आता तोंडी परीक्षेबद्दल. 'वीसपट' हा आकडा पाठ ठेवा, तो लागणारच आहे, पण त्याला एकटा सोडू नका. परीक्षकाने विचारले तर एवढे सांगा: "दर मिलिमीटर दाबामागे कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट पार होतो, कारण त्याची विद्राव्यता सुमारे 24 पट आहे आणि रेणुभारामुळे होणारा तोटा फक्त 1.17 पट आहे. म्हणून 5 मिलिमीटरच्या फरकावरही तयार होणारा सगळा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो." याला अर्धा मिनिट लागतो. यापुढे प्रश्न आला तरच साठ्याकडे आणि वेळेकडे वळा, तोवर थांबा, कारण न विचारलेले सांगताना विद्यार्थी बायकार्बोनेटच्या चुकीत घसरतात.

आणि वॉर्डमधल्या त्या गृहस्थांचा 34 हा आकडा तुमच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या एबीजीत तो 42 झालेला दिसला तर अहवालावर खूण येणार नाही, कारण 35 ते 45 ही साधारण मर्यादा आहे. पण ज्या माणसाला ऑक्सिजन टिकवण्यासाठी जास्त श्वास घ्यावा लागत होता, त्याचा आजार तसाच असताना कार्बन डायऑक्साइड 'साधारण' झाला, तर बहुधा तो पूर्वीइतका श्वास घेऊ शकत नाही, म्हणजे थकत चालला आहे. त्या दिवशी व्यायाम सुरू करण्याआधी दोन्ही अहवाल शेजारी ठेवून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.